लोलकांमधली फट, नोंद तिसरी: काळा ठिपका टेकलेल्या जागेपेक्षा मोठा

पूर्ण परावर्तन होत असतानाही थोडा प्रकाश फट ओलांडून दुसऱ्या काचेत जातो का, ते पाहायला मागच्या दोन नोंदींत मी काटकोनी लोलकांची जोडी कर्णाला कर्ण लावून दाबत बसलो होतो आणि हाती काही लागलं नव्हतं. लेसर पहिल्या लोलकात जायचा, कर्णावर आपटून नव्वद अंशांत वळायचा, दुसऱ्या लोलकात टिपूसही नाही. कारण आता कळलंय, आणि ते अगदीच घरगुती आहे: धूळ. दोन-तीन मायक्रॉनचा एक कण मध्ये अडकला की दोन्ही काचा तेवढ्या अंतरावर उभ्या राहतात. या प्रयोगाच्या हिशेबात ते अंतर म्हणजे दुसरं गाव.

हिशेब असा. माझ्या काचेचा अपवर्तनांक १.५१५, म्हणजे क्रांतिक कोन ४१.३ अंश. कर्णावर प्रकाश ४५ अंशांनी पडतो, म्हणून पूर्ण आंतरिक परावर्तन होतं. पण काचेच्या पृष्ठाशी विद्युतक्षेत्र झटकन शून्य होत नाही. हवेत त्याची शेपटी उरते, पृष्ठाला समांतर सरकणारी आणि पृष्ठापासून दूर जाताना घातांकी वेगाने विरणारी. हीच इव्हॅनेसंट तरंग. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी या कोनाला तिचा आयाम साधारण २६० नॅनोमीटरवर १/e इतका उरतो. शेजारी काही नसेल तर ती हवेत ऊर्जा वाहून नेत नाही, सगळा प्रकाश परततो. पण ती विरायच्या आत दुसरी काच आली, तर त्या काचेत पुन्हा नेहमीचा प्रकाश सुरू होतो आणि तेवढाच परावर्तनातून कमी होतो. फट १०० नॅनोमीटर असेल तर आपातपातळीला लंब ध्रुवण असलेला सुमारे ७२ टक्के प्रकाश पार होतो, २६० ला २३ टक्के, ६३० ला जेमतेम सव्वा टक्का. दोन मायक्रॉनला तर शोधूनही सापडणार नाही.

म्हणून सपाटाला सपाट लावायचा नाद सोडला आणि न्यूटनची युक्ती घेतली. लोलकाच्या पायाला किंचित फुगीर काच टेकवली, तर प्रत्यक्ष स्पर्शबिंदूपेक्षा मोठ्या भागातून प्रकाश पार जातो, हे त्याने पाहून ठेवलं होतं. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला न्यूटनच्या वलयांसाठी वापरतात ते समतल-बहिर्गोल भिंग माझ्याकडे होतं, वक्रतात्रिज्या १ मीटर. मध्यापासून r अंतरावर फट r²/2R, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरवर १२५ नॅनोमीटर आणि एक मिलिमीटरवर ५००. स्क्रू न फिरवता नॅनोमीटरची मोजपट्टी मिळाली. धुळीचा त्रासही कमी, कारण फक्त मधली एवढीशी जागा स्वच्छ लागते.

मांडणी: लोलक कर्ण वर करून आडवा, त्यावर भिंगाची फुगीर बाजू. एका बाजूला ट्रेसिंग पेपरमागे लाल एलईडी, दुसऱ्या बाजूला फोन, मॅक्रोवर. कर्ण एकसारखा लाल दिसतो आणि मधोमध एक काळा ठिपका. ठिपका लंबवर्तुळाकार दिसतो, कारण आपण कर्णाकडे ४५ अंशांतून बघतोय. माप घ्यायचं ते लांब अक्षावरच.

पार गेलेला प्रकाश पाहायला मी भिंगाच्या वरून डोकावलो, तर अंधार. दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग भिंगाची कडा लाल पेटलेली दिसली. भिंगात शिरलेला प्रकाशही ४५ अंशांनीच चाललेला असतो, त्यामुळे वरच्या सपाट पृष्ठावर त्याचंही पूर्ण परावर्तन होतं आणि तो आतल्या आत उसळत कडेला बाहेर पडतो. उपाय सोपा: सपाट बाजूवर ग्लिसरीनचा थेंब आणि त्यावर दुसरा लोलक. आता कागदावर छोटा लाल ठिपका मिळतो.

मापासाठी कर्णावर ग्राफ पेपर ठेवला, तर तो दिसलाच नाही! अर्थात, कोरडा कागद काचेला जेमतेम काही बिंदूंत टेकतो. ग्लिसरीनने ओला केल्याबरोबर मिलिमीटरच्या रेघा उमटल्या.

आता आकडे. ठिपक्याची कड म्हणजे जिथे उजेड निम्मा होतो ती जागा धरली. फोटो रॉ फाइलमधूनच वाचा. जेपेगमध्ये निम्मा उजेड म्हणजे निम्मा आकडा नसतो. सूत्रानुसार लंब ध्रुवणासाठी निम्मा प्रकाश १५७ नॅनोमीटरच्या फटीला पार होतो, म्हणजे ठिपक्याचा व्यास १.१२ मिमी. समांतर ध्रुवणासाठी २२६ नॅनोमीटर, व्यास १.३४. पहिल्यांदा मी क्लॅम्पने आवळलं होतं आणि दोन मिमीच्या वर व्यास आला. काच दाबली जाते हे विसरलो होतो. एक मीटर त्रिज्येच्या भिंगावर पाच किलोचा जोर दिला, तर मधे जवळजवळ दोन मिमीचा भाग चक्क सपाट होतो. क्लॅम्प काढून फक्त भिंग आणि वरचा लोलक, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास वजन ठेवलं, तेव्हा १.२५ आणि १.४५ मिळाले. एवढ्याशा वजनानेही ०.४ मिमीचा भाग चपटा होतो आणि भोवतालची फट सुमारे ३५ नॅनोमीटरने घटते. ती दुरुस्ती धरली की हिशेब १.२४ आणि १.४५ वर येतो. इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं; माझ्या मापात ०.०५ इकडेतिकडे होऊ शकतं, त्यामुळे फार फुशारकी मारत नाही. पण पोलरायझर फिरवताना ठिपका फुगतो-आकसतो हे डोळ्यांनाही दिसतं.

पांढऱ्या एलईडीने काळ्या ठिपक्याची कड निळसर दिसते. लाल तरंगाची शेपटी लांब, म्हणून कडेला लाल आधी गळतो आणि परतणाऱ्या उजेडात निळा उरतो.

एकदा ठिपका अचानक सात-आठ मिमीचा झाला आणि मी क्षणभर हुरळलो. ग्लिसरीन जास्त झालं होतं, कडेवरून ओघळून खाली शिरलं होतं. ग्लिसरीनला, किंवा श्वासाच्या वाफेने झालेल्या पाण्याच्या थरालाही, ४५ अंश हा क्रांतिक कोनापेक्षा लहानच (काच-पाण्याचा ६१ अंशांच्या पुढे), त्यामुळे प्रकाश सरळ आरपार जातो. खोटी गळती ओळखायची खूण: कड धारदार आणि वेडीवाकडी असते, पोलरायझर फिरवून आकार बदलत नाही, आणि भिंग हलकं केलं तरी डाग तसाच राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा सुरुवात.

हवेची फट खरीच आहे ना, याची दुसरी परीक्षा मला जास्त आवडली. फोन हळूहळू तिरपा न्यायचा. आतला कोन ४५ वरून ४२ अंशांवर आला (बाहेरून साडेचार अंश), की शेपटी ६०० नॅनोमीटरपर्यंत लांबते आणि ठिपका भराभर पसरतो. बाहेरून साडेपाच अंशांच्या पुढे गेलं की क्रांतिक कोन ओलांडला जातो आणि ठिपक्याभोवती न्यूटनची वलयं उगवतात. परत आणलं की वलयं गायब. शेपटीला पुढेमागे जाणाऱ्या लहरी नाहीत, नुसता उतार आहे, म्हणून वलयं बनतच नाहीत.

जगदीशचंद्र बोसांनी १८९७ साली हाच प्रश्न सूक्ष्मतरंगांवर तपासला होता, हवेच्या फटीच्या जाडीने पूर्ण परावर्तनात काय फरक पडतो तो. त्यांची फट मिलिमीटरांत मोजता येत होती, हेवा वाटतो. माझ्याकडे पुढच्या खेपेला कागदाच्या जागी बीपीडब्ल्यू-३४ फोटोडायोड येईल. पार गेलेला आणि परतलेला प्रकाश दोन्ही मोजून बेरीज कायम राहते का, ते पाहायचं आहे. ग्लिसरीन मात्र या वेळी टूथपिकच्या टोकाने.