कण्हेरीचं पान आणि सेलोटेप

बारावीला आमच्या ग्रुपला बायोलॉजीचा प्रोजेक्ट मिळाला तो पानांतून पाणी किती उडतं याचा, आणि त्यासाठी पर्णरंध्रं, म्हणजे पाणी बाहेर पडतं ती पानावरची बारीक छिद्रं, मोजायची होती. पानं आपल्याच आवारातली, आंबा, जास्वंद आणि गेटजवळची कण्हेर.

पद्धत अगदी सोपी. पान पुसून शिरा टाळून मधल्या भागावर बिनरंगी नेलपेंटचा पातळ हात द्यायचा, पूर्ण सुकू द्यायचं, वर सेलोटेप दाबून हळूच ओढायची की पानाचा ठसा टेपवर येतो, तीच टेप स्लाइडवर चिकटवायची. नेलपेंट ओलं राहिलं तर ठसा फासटतो, सगळं धुरकट दिसतं. मायक्रोस्कोपच्या लो पॉवरखाली प्लास्टिकची मोजपट्टी ठेवून बघितली तर दिसणारा गोल 1.8 मिमीचा होता, म्हणजे 10 ऐवजी 45 ची लेन्स लावली की तो 0.4 मिमीचा होणार, क्षेत्रफळ साधारण 0.126 चौरस मिमी. जास्वंदीच्या खालच्या बाजूला एका गोलात सरासरी 20 रंध्रं आली, म्हणजे एका चौरस मिमीत 160 च्या आसपास. काठावर अर्धवट दिसणारी फक्त डाव्या बाजूचीच धरायची हे सरांनी आधीच ठरवून दिलेलं, नाहीतर प्रत्येकाचा आकडा वेगळा.

आंब्याला रंध्रं फक्त खालच्या बाजूला. पण कण्हेरीचा ठसा बघितला तर वरही नाही आणि खालीही नाही! खाली नुसते केसाळ ठिपके दिसत होते. दुसरं पान घेतलं, तेच.

मग सरांनी कोबाल्ट क्लोराइडचे कागद काढले. ते कोरडे असले की निळे आणि ओल लागली की गुलाबी. कण्हेरीच्या पानाला दोन्ही बाजूंनी लावून वर काचपट्ट्या दाबल्या, तर वरचा निळाच राहिला आणि खालचा हळूहळू गुलाबी व्हायला लागला. म्हणजे पाणी खालून बाहेर पडत होतं, रंध्रं होती, आम्हालाच दिसत नव्हती.

सर म्हणाले, "आता पान आडवं कापून बघा रे." गाजराच्या तुकड्यात पान धरून ब्लेडने पातळ काप घेतले, सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा थेंब टाकला (कण्हेरीचा चीक विषारी, त्यामुळे नंतर हात साबणाने धुवायचे ही सक्ती) आणि मग दिसलं ते मी अजून विसरलेलो नाही. पानाच्या खालच्या बाजूला खोल खळगे, त्यांच्या तोंडाशी केसांची दाटी आणि रंध्रं आत, खळग्याच्या भिंतीला. आतली दमट हवा केसांमुळे तिथेच अडकून राहते, वारा थेट रंध्रापर्यंत पोचत नाही म्हणून पाणी कमी उडतं, आणि नेलपेंटही त्या तळापर्यंत नीट पोचत नाही!

तक्त्यात कण्हेरीपुढे शून्य लिहायचं का यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी तिथे लिहिलं, "ठशाने मोजता येत नाहीत, काप पाहा", आणि शेजारी कापाची पेन्सिलने काढलेली आकृती चिकटवली.