आमची वाटचाल: डवऱ्याचा खरा भाव

आर्वी तालुक्यातलं आमचं वर्कशॉप वडिलांनी सुरू केलं तेव्हा भट्टी, ऐरण, एक वेल्डिंग मशीन आणि चार माणसं एवढाच पसारा होता. वखर, डवरा, तिफन असा सगळा माल हातानेच बनायचा. भाव काढायची वडिलांची रीत सोपी होती: लोखंड किती लागलं, मजुरीचे तास किती लागले, आणि प्रत्येक तासामागे थोडा वरकड खर्च. तेव्हा वरकड खर्च म्हणजे वीज, भाडं आणि थोडीफार किरकोळ देणी. खर्चाचा मोठा वाटा मजुरीचाच असल्यामुळे तासांवर वाटणी केली तरी हिशोब खऱ्याच्या जवळ यायचा.

पुढे पॉवर प्रेस आली, मिग वेल्डिंग आलं. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांकडून टोकण यंत्रांचे आणि फवारणी यंत्रांचे ब्रॅकेट बनवायच्या ऑर्डरी येऊ लागल्या. हिशोबाची रीत मात्र तीच राहिली.

काही वर्षांनी एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. डवऱ्यात आम्ही पिढीजात तरबेज, तरी कृषी केंद्रवाले म्हणायचे, "भाऊ, बाजूच्या तालुक्यातला माल तुमच्यापेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त मिळते." ब्रॅकेटच्या ग्राहकांना मात्र भाव वाढवून सांगितला तरी ते हूं की चूं करत नव्हते, आणि ते काम घ्यायला दुसरं कोणी पुढेही येत नव्हतं. कागदावर ब्रॅकेटमध्ये नफा चांगला दिसायचा, पण जसजशा त्या ऑर्डरी वाढल्या तसतसा वर्षअखेरचा नफा आटत गेला. माझ्या मते ही तीन लक्षणं एकत्र दिसली की वरकड खर्चाची वाटणी तपासायलाच हवी.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून सांगतो. वर्षाला डवरे ३,०००, ब्रॅकेट १,०००. दोन्हीला नगामागे मजुरीचे तीन तास, म्हणजे एकूण १२,००० तास. वरकड खर्च १२ लाख. त्यातलं भाडं, विमा आणि रात्रीचा चौकीदार मिळून १ लाख ८० हजार कुठल्याच मालामुळे कमीजास्त होत नाहीत, म्हणून ते बाजूला ठेवले. उरले १० लाख २० हजार. मजुरीच्या तासांवर वाटले तर तासाला ८५ रुपये, म्हणजे डवऱ्यावर २५५ आणि ब्रॅकेटवरही २५५.

डवरा १५० नगांच्या लॉटमध्ये निघतो आणि ब्रॅकेट आठ-दहाच्या. मग दोघांवर खर्च सारखा कसा बसेल? सामाईक विहिरीच्या मोटारीचं बिल एकरावर वाटलं, तर कोरडवाहू तूरवाला संत्रावाल्याचं पाणी भरतो. तसंच होत होतं हे.

खर्च नेमका कशामुळे होतो ते पाहायला प्रेसजवळ एक वही टांगली. आमचा सेटर लावणी करताना त्यात डायचा नंबर, सुरू केल्याची वेळ, पहिला चांगला नग निघाल्याची वेळ आणि वाया गेलेल्या पट्ट्या लिहायचा. पहिली डाय उतरवायची, दुसरी चढवून वरचा आणि खालचा भाग एका रेषेत आणायचा, स्ट्रोक बसवायचा, दोन-तीन पट्ट्या मारून माप घ्यायचं, परत शिम घालायचं. तो म्हणाला, "दिवसभर डायच बदलतो ना जी मी, माल कुठं काढतो?" डायला १५० नग काढायचेत की आठ, याच्याशी काही देणंघेणं नसतं. लावणीचा खर्च लॉटमागे होतो, नगामागे नाही. आणि मजुरीच्या तासात तो कुठेच दिसत नाही, कारण सेटरचा पगार आमच्याकडे वरकड खर्चात जातो.

वहीतून वर्षाचा हिशोब असा निघाला. सेटरचा पगार, डायची धार आणि वाया गेलेला पत्रा मिळून लावणीवर ४ लाख २० हजार. लावण्या १४०, म्हणजे एकीला ३,०००. त्यात डवऱ्याच्या २० आणि ब्रॅकेटच्या १२०. खरेदी, चलन आणि पाठपुरावा या कामावर २ लाख ४० हजार, आणि ऑर्डरी २४०, म्हणजे एकीला १,०००. त्यातल्या ४० डवऱ्याच्या, २०० ब्रॅकेटच्या. प्रेस आणि वेल्डिंगची वीज व देखभाल ३ लाख ६० हजार. ती मशीनच्या तासांवर वाटली, तासाला ६० रुपयांनी: डवऱ्याचे ४,००० तास, ब्रॅकेटचे २,०००.

बेरीज केली तर डवऱ्यांवर ३ लाख ४० हजार पडतात, नगाला साधारण ११३ रुपये. ब्रॅकेटवर ६ लाख ८० हजार, म्हणजे नगाला ६८०. लोखंड आणि मजुरी धरून डवरा जुन्या हिशोबाने १,११५ रुपयांना पडायचा, तो खरं तर ९७३ ला पडत होता. ब्रॅकेट १,०३५ चा समजून आम्ही १,२५० ला विकत होतो, आणि त्याचा खर्च होता १,४६०.

या रीतीला ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग म्हणतात. १९८० च्या दशकात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी ती मांडली. तिच्या सुरुवातीच्या गाजलेल्या उदाहरणांपैकी एक शेती अवजारांच्याच धंद्यातलं आहे: अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वॉटर्लूला असलेला जॉन डिअर कंपनीचा सुट्या भागांचा कारखाना. जुन्या हिशोबाने त्यांना जास्त संख्येचे साधे भाग महाग दिसायचे आणि थोड्या संख्येचे किचकट भाग स्वस्त, त्यामुळे कामंही तसलीच पदरात पडायची. एवढ्या मोठ्या कारखान्यातली अडचण आमच्या टिनाच्या शेडमधल्या अडचणीसारखीच निघाली, हे वाचून मला फार धीर आला.

मग ब्रॅकेटचा नगाचा भाव सरसकट वाढवला नाही. तसं केलं असतं तर पन्नासचा लॉट घेणाऱ्यावर आठवाल्याचा भार पडला असता. कोटेशनमध्ये लावणीचे ३,००० आणि ऑर्डरीचे १,००० वेगळे दाखवायला सुरुवात केली आणि नगाचा भाव उतरवला. आठवड्याला आठ नग मागवणाऱ्या ग्राहकाने स्वतःच महिन्याची ऑर्डर एकत्र द्यायला सुरुवात केली. दोन ग्राहक सोडून गेले. डवऱ्याचा भाव मात्र अक्षय्य तृतीयेच्या आधीच खाली आणला, कारण डवरणीसाठीचा माल कृषी केंद्रवाले मे महिन्यातच भरून ठेवतात.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. लावण्या १४० वरून ९० वर आल्या म्हणून सेटरचा पगार कमी झाला नाही. तो पगार ९० वर वाटला असता तर एका लावणीचा दर वाढला असता आणि लॉट मोठे करणाऱ्या ग्राहकालाच रिकाम्या वेळेचे पैसे द्यावे लागले असते. म्हणून दर आम्ही सेटरला वर्षात जेवढ्या लावण्या झेपतात त्यावर, म्हणजे १४० वरच ठेवतो, आणि उरलेल्या वेळेचा खर्च वेगळ्या ओळीत लिहितो. २००४ मध्ये कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी जी सुटसुटीत पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे: कामाला किती वेळ लागतो आणि वेळ किती उपलब्ध आहे, एवढंच मोजायचं.

त्या रिकाम्या वेळेत सेटर सध्या कपाशीच्या अरुंद ओळीसाठी लहान पासेच्या डवऱ्याची डाय बनवतोय. तिचे तासही वहीत त्याच ओळीत लिहिले जातात.