कानशिलावरची झालर

"डॉक्टर, चाई पडलीये. दोन्ही बाजूंना." खुर्चीत टेकता टेकताच तिने सांगितलं. वय 19, टेनिस खेळणारी. कमरेपर्यंतचे केस टाळूवर गच्च ओढून पोनीटेल बांधलेली. सोबत आई होती. दोन्ही कानशिलांवर केस विरळ झाले होते, डावीकडे जरा जास्तच. चाईचं मलम काही महिने लावून झालं होतं आणि फरक काहीच नव्हता.

चाईत केस गेलेली जागा बहुतेक वेळा गोल आणि गुळगुळीत असते. इथे कपाळाच्या कडेने कानापर्यंत उतरत गेलेला विरळ पट्टा होता आणि त्या पट्ट्याच्या पुढे, अगदी कडेला, आखूड बारीक केसांची झालर शाबूत होती. ती झालर दिसली आणि माझा संशय बळावला. हे केस इतके आखूड असतात की रबरात सापडतच नाहीत. त्यामुळे ते ओढले जात नाहीत आणि टिकून राहतात. त्यांच्या मागचे लांब केस मात्र रोज ताणले जातात आणि हळूहळू गळतात. याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात, म्हणजे ताणामुळे होणारी केसगळती.

मी तिला केस सोडून नेहमीसारखे परत बांधायला सांगितलं. रुग्णाला तोंडी विचारलं की "फार घट्ट नाही बांधत" हेच उत्तर येतं, म्हणून मी बघूनच ठरवते. तिने केस वर गोळा केले, रबराचे तीन वेढे दिले आणि मग पोनीटेलचे दोन भाग करून दोन्हीकडे खेचले. त्या क्षणी कानशिलावरची कातडी केसांच्या मुळाशी टोकदार उचलली गेली, जणू तंबूच उभारला. भुवईची बाहेरची टोकंही वर सरकली.

"दुखतं का?"

"संध्याकाळी सोडल्यावर दुखतं. पण ते सगळ्यांनाच दुखतं ना?"

नाही, दुखायला नको. बांधल्यावर ठणकणं, मुळाशी लालसर पुळ्या येणं हा मुळांवर ताण पडत असल्याचा सगळ्यात आधीचा इशारा असतो. तिला पुळ्याही येत होत्या, पण घामामुळे येतात असं समजून तिने सोडून दिलं होतं. त्यात ती अंघोळीनंतर ओलेच केस बांधायची. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो.

डर्मोस्कोपमधून, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं तर मुळाजवळच्या केसांभोवती पांढुरक्या नळ्या दिसल्या. तिला तो कोंडा वाटत होता. कोंड्याची खपली झटकली की पडते. ही नळी केसाला गुंडाळलेली असते आणि चिमटीत धरून सरकवली की मण्यासारखी केसावरून सरकते. अशा नळ्या दिसणं म्हणजे ताण अजून चालू आहे. उजवीकडे केसांची छिद्रं जागच्या जागी होती, म्हणजे आशा होती. डावीकडे मधल्या छोट्या भागात मात्र छिद्रंच दिसत नव्हती. तिथे मुळं कायमची गेली होती. हे मी तिला तेव्हाच स्पष्ट सांगितलं.

आईने विचारलं, "मग केस कापायचे का मॅडम?"

लांबीचा दोष नव्हता. त्रास होता तो ते सगळं वजन उंचावर, एकाच जागी, कपाळाच्या नाजूक केसांच्या जिवावर टांगण्याचा. खेळताना मानेजवळ सैल वेणी घालायची आणि शेवटी कापडी रुंद स्क्रंची लावायची, असं ठरलं. बांधून झाल्यावर कपाळाकडचे केस बोटांनी जरा पुढे सोडायचे. भुवया वर करताना कातडी ओढल्यासारखी वाटली, तर वेणी पुन्हा घालायची. सुटे राहिलेले केस डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून कापडी हेअरबँड, पण तोही आवळून नाही. घरी मोठ्या क्लचरने सैल अंबाडा घालायचा. त्याची जागा रोज बदलायची, भांगही अधूनमधून बदलायचा. रात्री केस मोकळे किंवा अगदी ढिल्या वेणीत ठेवायचे. बारीक घट्ट वेण्या किंवा जोडकेस तर सध्या नकोच, कारण त्यांचा ताण दिवसरात्र सुटत नाही.

पुळ्यांसाठी थोडे दिवस लावायचं औषध दिलं, नंतर केस वाढण्यासाठी मिनॉक्सिडिल सुरू केलं. पण ताण तसाच राहिला असता तर या औषधांचा उपयोग झाला नसता. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे आरशात लगेच काही शोधू नकोस, असंही बजावलं.

चार-पाच महिन्यांनी ती परत आली तेव्हा उजव्या कानशिलावर आखूड नवे केस होते. पुळ्या नव्हत्या, नळ्याही नव्हत्या. डावीकडचा पट्टा कडेने भरला होता, मधला तुकडा तसाच होता. तिने केस प्रत्यारोपणाबद्दल विचारलं. ते शक्य आहे, पण लावलेले केसही अशाच ताणाने जातात. म्हणून आणखी काही महिने फक्त सैल वेणी आणि दर भेटीला त्याच जागेचा फोटो, एवढंच ठरवलं. तोवर भांग उजवीकडून पाडला की तो तुकडा झाकला जातो, हे तिने स्वतःच शोधून काढलं होतं.