आषाढातला सेल आणि लेबलमागचे दोन आकडे

सिडकोत माझं कुर्त्यांचं छोटं दुकान आहे. आषाढात गिऱ्हाईक आटतं, म्हणून मागच्या वर्षी मी बाहेर फलक लावला: ‘सरसकट 35% सूट’. हिशेब डोक्यात सोपा होता. माल पडलेल्या किमतीवर मी 40 टक्के चढवते, त्यातले 35 सोडले तरी 5 उरतात.

दहा दिवसांत साठ कुर्ते गेले. गल्ला भरलेला दिसत होता, आणि तरी घाऊक व्यापाऱ्याचं बिल चुकतं करायला बसले तेव्हा पैसे कमी पडले. आधी मला वाटलं कुणीतरी हात मारला. दुकानातल्या मुलीकडेही मी जरा वाकड्या नजरेने पाहिलं, ते अजून टोचतं.

सासऱ्यांचं आयुष्य पंचवटीत किराणा दुकान चालवण्यात गेलं. रात्री वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकच विचारलं, “अगं, चढवलेस ते टक्के कशावर, आणि सोडलेस ते कशावर?”

मी गप्पच.

मग त्यांनी एकच कुर्ता घेतला. खरेदी 480 रुपये, वाहतूक आणि हमाली धरून 20, म्हणजे घरात पडला 500 ला. त्यावर 40 टक्के म्हणजे 200 रुपये, किंमत 700. त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणून लेबलवर 735. आता सूट द्यायची ती या वरच्या किमतीवर. कर बाजूला ठेवून 700 चे 35 टक्के काढले तर 245 होतात. चढवले 200 आणि सोडले 245. एका कुर्त्यामागे 45 रुपये खिशातून गेले, साठांचे 2,700.

“चाळीस चढवलेस, पण ते पाचशेचे चाळीस. सोडतेस ते सातशेचे,” बाबा म्हणाले. तोटा न होता जास्तीत जास्त सोडता येतात ते 200, म्हणजे 700 चे 28.57 टक्के. त्यांनी वहीच्या कडेला लिहून दिलं:

```
कमाल सूट % = चढ ÷ (100 + चढ) × 100
```

25 टक्के चढवले असतील तर 20 पर्यंतच सूट देता येते, 50 चढवले तर 33.33, आणि निम्म्या किमतीत द्यायचं तर 100 टक्के चढवलेले हवेत. मोठ्या दुकानांचे ‘फ्लॅट 50’चे फलक पाहून मी जळायचे, ते तिथे थांबलं.

जीएसटीची मला भीती होती, पण खरेदीवर भरलेला कर वळता होत असेल आणि लेबल लावताना कर वरून धरला असेल, तर टक्के बदलत नाहीत. सूट मात्र बिलावर दाखवायची, म्हणजे कर सूट वजा केलेल्या किमतीवरच लागतो. गोची झाली ती वेगळीकडे. काही कुर्त्यांवर मी ‘दिसायला बरं’ म्हणून 735 ऐवजी 699 चं लेबल लावलं होतं, करासकट. तोटा न होण्यासाठी करासकट 525 तरी यायला हवेत. 699 वरून 525 वर यायचं तर सूट जेमतेम 24.9 टक्के निघते. छत्तीस रुपयांच्या सजावटीने जवळपास चार टक्के खाल्ले होते.

शिवाय 500 हा नुसता मालाचा खर्च. भाडं, वीज आणि पगार मिळून महिन्याला 24,000 जातात, आणि साधारण 400 नग विकले जातात. म्हणजे नगामागे 60. ते धरले की किंमत 560 च्या खाली उतरता कामा नये, आणि 700 वरून सूट फक्त 20 टक्के. मग कोणती मर्यादा खरी? माझ्या मते नेहमीच्या मालाला 20. अडकून पडलेल्या, रंग उडायला लागलेल्या मालाला 28 पर्यंत जावं, कारण भाडं तर तो विकला नाही तरी भरायचंच आहे.

यंदा व्यापाऱ्याने सुचवलं, “ताई, दोनवर एक फ्री लावा, झटक्यात जाईल.” तीन नगांचे दोनच पैसे, म्हणजे 33.33 टक्के सूट. मी नको म्हटलं. तीनवर एक फ्री लावलं, ते 25 होतात, आणि तेही फक्त जुन्या, 735 च्या लेबलच्या मालाला. एका बाईंनी ‘20 अधिक 10’ म्हणजे 30 ना, असं विचारलं. त्यांना कॅल्क्युलेटरवर 28 करून दाखवलं. त्या थोड्या हिरमुसल्या, पण कुर्ता घेतला.

आता प्रत्येक लेबलच्या मागे पेन्सिलने दोन आकडे असतात, करासकट: वर 588, खाली 525. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मुलगी लेबल उलटून बघते, आणि खालच्या आकड्यापाशी आली की मला हाक मारते.