डोळ्यांखालचं हसू

«काका, मी फोटोत हसते, पण ते हसू खोटंच दिसतं. आरशासमोर सराव करून जमेल का?»

जमेल. आठ-दहा दिवस, रोज दोन मिनिटं दिलीत की पुरे. फक्त सराव ओठांचा करायचा नाही, गालांचा करायचा.

नाशकात स्टुडिओ चालवताना माझ्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त स्थळांसाठी फोटो काढायला आलेल्या मुलींकडून येतो. मागच्या वर्षी सातपूरच्या एका कारखान्यात काम करणारी मुलगी आईबरोबर आली होती. आई सारखी सांगत होती, «दात दाखवू नकोस गं, नीट हस.» मुलगी ओठ घट्ट मिटून त्यांची टोकं बाजूला ताणत होती. वीसेक फोटो काढले. ओठ हसत होते आणि डोळे मात्र बँकेच्या रांगेत उभं राहिल्यासारखे. मला त्या फोटोंचे पैसे घ्यावेसे वाटेनात. मी तिला दहा दिवसांनी परत ये म्हटलं आणि घरी करायला एक गोष्ट दिली.

तिला काय दिलं ते सांगण्याआधी थोडं त्यामागचं. हसताना दोन स्नायू कामाला लागतात. एक गालाच्या हाडापासून ओठाच्या टोकापर्यंत जातो आणि ते टोक वर खेचतो. तो आपल्या हुकमात असतो. दुसरा डोळ्याभोवती कड्यासारखा असतो. तो आवळला की गाल वर येतो, खालची पापणी किंचित उचलली जाते, बाहेरच्या कोपऱ्यात बारीक रेघा पडतात. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य झटका देऊन हे तपासलं आणि १८६२ मध्ये पुस्तकात छापलं. नुसता पहिला स्नायू हलवला तर ओठ हसतात, डोळे कोरडेच राहतात. डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय हलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नंतरच्या अभ्यासकांना मात्र असं आढळलं की बऱ्याच माणसांना तो मुद्दामही हलवता येतो. म्हणून तर सरावाला अर्थ आहे.

आता सराव. आरशासमोर बसायचं आणि नाकापासून खाली पोस्टकार्डाएवढा कागद धरायचा. दिसणार फक्त डोळे. आता ओठ विसरून गाल वर उचलायचे. बोटं गालाच्या हाडावर ठेवली तर तिथली फुगी हाताला लागते. चष्मा असेल तर अजून सोपं, कारण गाल खरोखर उचलला गेला की बहुतेकांच्या चष्म्याची कड जरा वर ढकलली जाते. त्या मुलीला चष्मा होता. मी म्हटलं, «चष्मा हलला नाही, तर हसू झालं नाही असं समज.» एका वेळी दोन-तीन सेकंदच धरायचं आणि सोडून द्यायचं. जास्त वेळ धरलं की गाल थरथरतात आणि हसू गोठतं.

एक चूक जवळजवळ सगळेच करतात: गालांऐवजी कपाळ आवळतात. भुवयांची आतली टोकं खाली आली, मध्ये आठी पडली, की ते हसू नाही, ते उन्हात डोळे बारीक करणं झालं. भर दुपारी रामकुंडावर काढलेले घरचे फोटो आठवा, सगळे असेच दिसतात. त्यामुळे घाटावर फोटो काढायचे असतील तर सकाळी लवकर किंवा सावलीत काढा. ऊन तोंडावर असेल तर सरावही कामी येत नाही.

दुसरी चूक आम्हा फोटोग्राफरांची. «चीज म्हणा» म्हटलं की ओठ आडवे ताणले जातात, गाल वर येत नाहीत. «एक, दोन, तीन» लांबवलं की तीनपर्यंत हसू शिळं होतं. मी आता डोळे मिटायला सांगतो, श्वास सोडून खांदे खाली आणायला सांगतो, मग «उघडा» म्हणतो. हसू चढत असतानाच बटण दाबायचं, पूर्ण चढल्यावर नाही.

दहा दिवसांनी ती मुलगी आली. ओठ मिटलेले ठेवायचे नाहीत, एवढं आईला आधीच समजावलं होतं. मिटलेले ओठ ताणले तर गाल वर यायला अडतो, सैल सोडले तर अडत नाही. डोळे मिटले, श्वास सोडला, उघडले. चौथ्या फोटोत चष्म्याची खालची कड गालाला टेकलेली होती, डोळ्यांच्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा होत्या आणि वरचे दात जरासे दिसत होते. मी त्या रेघा पुसल्या नाहीत. आईने मोबाईलवर फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, «ही घरी अशीच हसते. हाच द्या.»