काव, नीळ आणि डब्लिनमधलं १४ नंबरचं घर

हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या, आता संग्रहालय झालेल्या या घरात पाऊल ठेवलं तेव्हा उंच छत आणि नक्षीदार गिलावा पाहायला मिळेल एवढीच अपेक्षा होती. ते सगळं आहेच. पण माझा पाय अडला तो मागच्या जिन्यात. भिंतीचा खालचा भाग गेरूसारखा लाल, वरचा गडद निळा, आणि दोन्हींचे पोपडे निघालेले. गाइडने सांगितलं, हा निळा म्हणजे ‘रेकिट्स ब्ल्यू’, कपड्यांना घालायची नीळ. आमच्या आजीच्या मोरीतली रॉबिन नीळही रेकिटचीच. लाल रंग म्हणजे काव. चाळवजा घरांच्या सामायिक जिन्यांना इथे हेच स्वस्त रंग फासत.

घर बांधलं १७४०च्या दशकाच्या शेवटी, ल्यूक गार्डिनरने. पहिला रहिवासी लॉर्ड मोल्सवर्थ. पहिल्या मजल्यावरच्या भव्य दालनांत त्याचा काळ दिसतो. १८०१मध्ये आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली, तसे उमराव हळूहळू निघून गेले आणि वकील आले. १८४०च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळानंतर कर्जात बुडालेल्या जमीनदारांच्या इस्टेटी विकणारं न्यायालय इथेच भरे. पुढे सैनिकांची बराक झाली.

१८७७मध्ये थॉमस व्हान्सने घर विकत घेतलं, मुख्य जिना काढून टाकला आणि घराची १९ बिऱ्हाडं केली. म्हणून आज आत शिरल्यावर त्या थाटाच्या जिन्याची जागा फक्त कल्पनेने भरावी लागते. १९११च्या जनगणनेत इथे १०० माणसं नोंदली आहेत. मोल्सवर्थच्या दालनात बिऱ्हाड थाटलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर तोच नक्षीदार गिलावा होता. शेवटची बिऱ्हाडं १९७०च्या दशकात हलली.

डब्लिन महापालिकेने दुरुस्ती केली तेव्हा सगळं खरवडून घर पुन्हा उमरावी केलं नाही. वॉलपेपरचे थर, लिनोलियमचे तुकडे, तो जिन्यातला रंग, सगळं जपलं. मला हा निर्णय अगदी योग्य वाटला. मोल्सवर्थ इथे काही वर्षं राहिला, बिऱ्हाडकरू शंभर वर्षं.

जाणाऱ्यांसाठी: घर गाइडबरोबरच पाहता येतं, त्यामुळे तिकीट आधी ऑनलाइन काढा. फेरी सव्वा तासाच्या आसपास चालते. ओ’कॉनेल स्ट्रीटवरून चालत पंधरा मिनिटं, किंवा लुआस ट्रामच्या ग्रीन लाइनने डॉमिनिक स्टॉपला उतरा. रस्ता दगडी फरसबंदीचा आहे, टाचांचे बूट नकोत. जुन्या दालनांत गारठा असतो, अंगात काहीतरी जाड असू द्या. जिना उतरताना मागे राहा; गट पुढे गेला की निळ्याखालचा आधीचा रंग नीट दिसतो. हात मात्र लावू नका, पोपडे लगेच सुटतात. शेवटी विसाव्या शतकातलं बिऱ्हाड जसंच्या तसं मांडलेलं आहे. तिथे गाइडला माजी रहिवाशांच्या आठवणी विचारा. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींवरच ती खोली उभी केली आहे.