शीर्षकात कोणता महिना?

"मॅडम, भूजल पातळी खालावण्यावर पेपर लिहिलाय. शीर्षक एकतर सरकारी अहवालासारखं होतंय, नाहीतर वर्तमानपत्रातल्या मथळ्यासारखं. नेमकंही असेल आणि वाचावंसंही वाटेल असं कसं द्यायचं?"

हा प्रश्न मला दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये येतो, प्रबंध जमा करायच्या हंगामात. मी उत्तर देण्याआधी उलट विचारते: पातळी कोणत्या महिन्यातली? निम्मे लोक तिथेच गप्प होतात. भूजलशास्त्र शिकवताना मी बरीच शीर्षकं दुरुस्त केली, पण भाषेची अडचण क्वचितच असायची. आपल्याला नक्की काय सापडलं, हे लिहिणाऱ्याने स्वतःशीच ठरवलेलं नसायचं.

एका विद्यार्थ्याचं उदाहरण सांगते. गावाचं नाव देत नाही, आकडेही सोपे करून सांगते. बेसॉल्टमधलं एक पाणलोट क्षेत्र, वीसेक वर्षांच्या नोंदी, सगळ्या खोदलेल्या विहिरींच्या. पेपर इंग्रजीत होता, पण आमची भांडणं मराठीत झाली, म्हणून शीर्षकंही मराठीतच देते. त्याचं पहिलं शीर्षक होतं: "भूजल पातळीतील घटीचा अभ्यास: एक चिकित्सक दृष्टिकोन". मी म्हटलं, अरे, "अभ्यास" आणि "चिकित्सक दृष्टिकोन" खोडून टाक, काय उरतं बघ. "भूजल पातळीतील घट" एवढंच उरलं. यावर हजार पेपर आहेत. तो चिडून गेला आणि दुसऱ्या दिवशी "तहानलेल्या भूमीचा आक्रोश" घेऊन आला. त्यात पाणी मोजल्याची खूणसुद्धा नव्हती.

मग आम्ही शीर्षक बाजूला ठेवलं आणि आलेख उघडला. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्याने चारही नोंदींची सरासरी काढून वर्षाला एक ठिपका दिला होता, आणि ठिपके किंचित खाली सरकत होते. मी त्याला मे आणि ऑक्टोबर वेगळे काढायला लावले. तिथे गोष्ट बदलली. मेची रेघ स्पष्ट उतरत होती. ऑक्टोबरची रेघ दुष्काळी वर्षं सोडली तर जवळजवळ जिथल्या तिथे होती.

बेसॉल्टमध्ये हे होणं साहजिक आहे. आपल्या काळ्या खडकात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत. ही जागा थोडी, त्यामुळे बरा पाऊस झाला की ती भरते आणि उरलेलं पाणी ओढ्याने निघून जातं. मग रब्बीचा आणि उन्हाळी पिकाचा उपसा सुरू होतो. उपसा वाढत गेला तरी ऑक्टोबरातल्या पातळीत तो लगेच दिसत नाही, मेमध्ये दिसतो. म्हणजे "भूजल पातळी खालावली" हे त्याचं वाक्य अर्ध्या वर्षापुरतं खरं होतं. आणि वाचकाला ओढणारी गोष्टही तीच होती, ती त्याने सरासरीत बुडवून टाकली होती. "दर पावसाळ्यात भरतात, तरी दर उन्हाळ्यात आणखी खोल जातात" असं कुणी म्हटलं की ऐकणारा "का?" विचारतोच. त्यासाठी आक्रोश करावा लागत नाही.

पुढचं भांडण एका शब्दावरून झालं. त्याला "पातळी" मिळमिळीत वाटत होती, "भूजल साठ्याचा ऱ्हास" हवा होता. मी विचारलं, साठा मोजलास? विहिरीत टेप सोडून आपण जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो (कठड्याची उंची वजा करून, आणि ती वजा करायचं विसरलेले प्रबंधही मी पाहिले आहेत). अंतरावरून पाणी किती गेलं हे काढायला खडक किती पाणी सोडतो ते माहीत हवं. भूजल अंदाजाच्या आपल्याकडच्या पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टसाठी हे प्रमाण साधारण 2 टक्के धरतात आणि वाळूच्या गाळासाठी 16 टक्के. पातळी एक मीटर उतरली तर बेसॉल्टमधून जेमतेम 2 सेंटिमीटर उंचीचं पाणी गेलेलं असतं, वाळूच्या गाळातून 16 सेंटिमीटर. मीटर तेच, पाणी आठपट. "ऱ्हास" लिहिलं की जाणकार वाचक घनमीटर शोधतो आणि ते सापडले नाहीत की पेपर मिटतो.

उलट बाजूही आहे. 2009 मध्ये नेचरमध्ये एक गाजलेला पेपर आला: "सॅटेलाइट-बेस्ड एस्टिमेट्स ऑफ ग्राउंडवॉटर डिप्लीशन इन इंडिया". ग्रेस उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातला फरक टिपला, म्हणजे थेट पाण्याचं वजन, त्यामुळे त्यांना "डिप्लीशन", म्हणजे ऱ्हास, म्हणण्याचा अधिकार होता. "एस्टिमेट्स" हा शब्दही प्रामाणिक आहे. पण त्या उपग्रहांची नजर शेकडो किलोमीटरची, एखादा तालुका त्यांना वेगळा दिसत नाही. टेपला तालुका दिसतो, पण वजन कळत नाही. शीर्षकातलं नाम तुमच्या उपकरणाला झेपेल तेवढंच असावं. बाकी त्या शीर्षकातलं "इंडिया" मला आजही खटकतं, कारण अभ्यास राजस्थान, पंजाब आणि हरियाणाचा होता, दिल्ली धरून. नेचरमध्ये ते खपून गेलं. आपलं खपत नाही.

तिसरी गोष्ट त्याच्या वहीत सापडली. मेच्या रकान्यात जागोजागी लाल शाईत "कोरडी" लिहिलं होतं. मी विचारलं, संगणकात याचं काय केलंस? म्हणाला, "आकडा नाही ना मॅडम, रिकामं ठेवलं." मग मी पाटीवर मांडून दाखवलं. समजा पाच विहिरी आहेत, पाण्याची खोली 7, 8, 9, 10 आणि 11 मीटर. सरासरी 9. पुढच्या वर्षी शेवटच्या दोन कोरड्या पडल्या आणि उरलेल्या तीन अर्धा-अर्धा मीटर उतरून 7.5, 8.5 आणि 9.5 वर गेल्या. नवी सरासरी 8.5. एकही विहीर सुधारलेली नाही, दोन तर संपल्या, आणि कागदावर पाणी अर्धा मीटर वर आलं! तो बराच वेळ पाटीकडे बघत बसला.

हा नुसता वर्गातला खेळ नाही. दक्षिण भारतात नोंदी सांगत होत्या की भूजल सावरतंय आणि शेतकरी सांगत होते की विहिरी आटतायत. 2019 च्या एका पेपराने दाखवलं की कोरड्या पडलेल्या विहिरी गणितातून गळत असल्यामुळे हे सावरणं दिसत होतं. त्याचं शीर्षक: "द ग्राउंडवॉटर रिकव्हरी पॅरॅडॉक्स इन साउथ इंडिया". मला हे शीर्षक फार आवडतं. विषय, प्रदेश आणि कोडं, तिन्ही अर्ध्या ओळीत आले. "पॅरॅडॉक्स" हा सजावटीचा शब्द नाही, आत खरंच विरोधाभास आहे आणि तो सोडवलेला आहे. त्यानंतर मात्र आमच्याकडे "विरोधाभास" घातलेल्या शीर्षकांची लाट आली. त्यातल्या बहुतेकांत विरोध शोधूनही मिळत नाही.

आमच्या पोराने मग "कोरडी" हीच नोंद मोजायला घेतली. दर मेमध्ये किती विहिरी कोरड्या, याचा आलेख त्याच्या सगळ्या आलेखांत बोलका निघाला. शीर्षकातलं क्रियापद तिथून आलं. "खालावणाऱ्या" म्हटलं तर कोरड्या विहिरी बसत नव्हत्या, कारण त्यांची पातळीच नाही. "आटणाऱ्या" म्हटल्यावर बसल्या. मसुदा असा झाला: "पावसाळ्यानंतर भरणाऱ्या, मेमध्ये आटणाऱ्या: बेसॉल्टमधील उथळ विहिरींची पातळी", पुढे पाणलोटाचं नाव आणि वर्षं.

"उथळ" मी आग्रहाने घालायला लावलं. त्याच शिवारात दोनशे फुटांखालचं पाणी ओढणारी बोअरवेल असते, आणि तिचं काय चाललंय हे खोदलेली विहीर सांगेलच असं नाही. वर्षंही ठेवायला लावली, कारण 2018 सारख्या दुष्काळी वर्षाला मालिका थांबवली तर कोणतीही रेघ उतरते, आणि सुरुवात-शेवट समोर असले की वाचक स्वतःच ताडतो. "वाढत्या उपशामुळे" मात्र काढायला लावलं. उपशाचे आकडे त्याच्याकडे नव्हते, फक्त खात्री होती. ती चर्चेच्या भागात गेली.

कोलनच्या डावीकडे गोष्ट आणि उजवीकडे पत्ता, ही रचना आता घासून गुळगुळीत झालीय. तरी मी ती पूर्ण टाकत नाही. अट एकच, डावी बाजू एकटी वाचली तरी विषय कळला पाहिजे, कारण शोधयादीत उजवी बाजू बऱ्याचदा कापली जाते. त्याच्या मसुद्यात "विहिरी" हा शब्द उजवीकडे पडला होता आणि डावीकडे काय भरतं नि काय आटतं ते कळत नव्हतं. एक शब्द उचलून इकडे आणला.

शेवटी मी त्याला नेहमीचं काम दिलं. नुसतं शीर्षक दोघांना ऐकव आणि आत काय असेल ते विचार. एक या विषयातला, एक बाहेरचा. विषयातल्याने बरोबर ओळखलं. बाहेरचा म्हणून हा पोरगा ज्यांच्या विहिरीत टेप सोडायचा त्या काकांकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावसाळ्यानंतर म्हंजी कधी? दिवाळी सरली की आमची उतराय लागती."

त्याने मला फोन केला, जरा खजील होऊन. काकांचं बरोबर होतं. त्याच्या सगळ्या नोंदी ऑक्टोबरच्या, आणि "पावसाळ्यानंतर" वाचून कुणीही डिसेंबरपर्यंतचा काळ धरला असता. पेपर छापून आला तेव्हा शीर्षक होतं: "ऑक्टोबरात भरलेल्या, मेमध्ये आटलेल्या विहिरी: बेसॉल्टमधील उथळ भूजल", आणि पुढे पाणलोट, वर्षं.